‘राजीनामा लिहून द्या’ म्हटलं की सहीआधी हा हिशोब मांडा

३० जानेवारीला, शुक्रवारी संध्याकाळी, माझ्या मावसभावाने व्हॉट्सॲपवर दोन फोटो पाठवले. तो नाशिकमधल्या अंबडच्या एका कारखान्यात सीएनसी ऑपरेटर आहे. पहिल्या फोटोत टाइप केलेला अर्धा पान मजकूर होता: ‘मी वैयक्तिक कारणास्तव माझ्या पदाचा स्वेच्छेने राजीनामा देत आहे. तो स्वीकारून मला तात्काळ कार्यमुक्त करावे.’ खाली त्याचं नाव, टोकन नंबर आणि सहीसाठी रेघ. दुसऱ्या फोटोत हिशोबाचा कागद, म्हणजे फुल अँड फायनल. फोटोंमागोमाग फोन आला.

“दादा, ऑर्डर कमी झाल्यात म्हणे. एचआरचे साहेब म्हणाले, उद्या सही करून आण, पैसे लगेच सोडतो. नाहीतर टर्मिनेट करू, मग एमआयडीसीत कुठे काम मिळणार नाही. करू का सही?”

मी त्याला थांबायला सांगितलं. सातपूरच्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात मी बरीच वर्षं हजेरी, रजा आणि पगाराचं काम केलंय. असे राजीनाम्याचे मसुदे मी स्वतः टाइप केलेत. समोर बसलेल्या माणसाला त्या सहीची किंमत कुणी सांगत नसे, हेही पाहिलंय. ती किंमत रुपयांत काढता येते आणि त्यासाठी वकील लागत नाही. भावाच्या बाबतीत ती १,०२,६०० रुपये निघाली. ती कशी निघाली, तेच इथे सांगतो.

नोकरी संपते तेव्हा कागदावर ती कोणत्या नावाने संपली, यावर सगळं ठरतं. तुम्ही होऊन सोडली तर तो राजीनामा. काही गैरवर्तन केलं म्हणून काढलं तर ती बडतर्फी, आणि त्यासाठी आरोपपत्र, खुलासा, चौकशी हे टप्पे घ्यावे लागतात. तुमची काही चूक नसताना, ऑर्डर नाही, मशीन बंद, माणसं जास्त झाली अशा कारणाने मालकाने काढलं, तर ती छाटणी. कायद्यातली छाटणीची व्याख्या खूप रुंद आहे. शिक्षा म्हणून काढणं, स्वेच्छानिवृत्ती, वयोमानाने निवृत्ती, ठरलेली मुदत संपणं असे मोजके अपवाद सोडले, तर मालकाने कोणत्याही कारणाने कामगाराची नोकरी संपवणं ही छाटणीच. त्यामुळे ‘ऑर्डर कमी आहेत’ असं सांगून काढत असतील, तर ती छाटणी आहे. तिच्यावर राजीनाम्याचं लेबल लागायला कामगाराची सही लागते, म्हणून तर त्या सहीची एवढी घाई असते.

छाटणी करायची तर मालकावर बंधनं आहेत. ज्याची सलग एक वर्ष नोकरी झाली, म्हणजे मागच्या बारा महिन्यांत किमान २४० दिवस काम भरलं, त्याला कारण लिहून एक महिन्याची नोटीस द्यायची किंवा त्या महिन्याचा पगार द्यायचा. वर नोकरीच्या प्रत्येक पूर्ण वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार भरपाई म्हणून द्यायचा. शेवटचं अपुरं वर्ष सहा महिन्यांपेक्षा जास्त भरलं असेल, तर तेही पूर्ण धरायचं. ही भरपाई छाटणीच्या वेळीच द्यायची असते, ‘नंतर बघू’ चालत नाही. कायद्याचे शब्दच असे आहेत की हे दिल्याशिवाय छाटणी करता येत नाही. म्हणून पैसे न देता केलेली छाटणी बेकायदा ठरू शकते.

हा नियम १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी औद्योगिक संबंध संहिता आली, पण एक महिना आणि पंधरा दिवस हे दोन्ही आकडे तसेच राहिले. बदलली ती पगाराची व्याख्या. तिच्याकडे हिशोबात येऊच.

हे सगळं ‘कामगारा’साठी आहे. हाताने, यंत्रावर, तांत्रिक किंवा कारकुनी काम करणारा कामगार होतो. मॅनेजर होत नाही. सुपरवायझरचं काम करणारा, महिन्याला १८,००० रुपयांपेक्षा जास्त वेतन घेत असेल, तर तोही होत नाही. इथे कार्डावरच्या हुद्द्याला भुलू नका. दिवसभर मशीन चालवणाऱ्याला पत्रात ‘एक्झिक्युटिव्ह’ लिहिलं म्हणून तो मॅनेजर होत नसतो. तुम्ही कुणाची रजा मंजूर करता का, कुणाला कामावर घ्यायचा किंवा काढायचा अधिकार तुम्हाला आहे का, हे बघितलं जातं. खरोखरच व्यवस्थापनात असाल, तर तुमचा आधार म्हणजे नियुक्तीपत्रातलं नोटिशीचं कलम. ग्रॅच्युइटी, शिल्लक पगार आणि पीएफ मात्र त्यांनाही लागू आहेत.

आता भावाचा हिशोब. तो १० जून २०१८ ला लागला आणि शेवटचा दिवस ३१ जानेवारी २०२६. म्हणजे सात वर्षं, सात महिने आणि वर काही दिवस. पगार महिन्याला २४,००० रुपये. त्यात मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १५,६००, घरभाडे भत्ता ६,००० आणि प्रवास भत्ता २,४००. रजा १८ दिवस शिल्लक.

कंपनीने पाठवलेल्या कागदावर चार ओळी होत्या. जानेवारीचा पगार २४,०००. रजेचे १०,८००. ग्रॅच्युइटी ६३,०००. आणि शेवटी ‘नोटीस पे रिकव्हरी’ म्हणून वजा १५,६००. एकूण ८२,२००. (पीएफ आणि प्रोफेशनल टॅक्सची नेहमीची वजावट मी इथे बाजूला ठेवलीय, ती दोन्ही हिशोबांत सारखीच आहे.)

भाऊ म्हणाला, “ब्याऐंशी हजार काही कमी नाहीत दादा.” एकदम एवढी रक्कम समोर दिसली की असंच वाटतं. पण एकेक ओळ बोटाखाली धरून वाचली की चित्र बदलतं.

आधी वजावटीची ओळ. त्याच्या नियुक्तीपत्रात लिहिलंय की नोकरी सोडताना एक महिन्याची नोटीस द्यावी, नाहीतर तेवढा पगार कापला जाईल. आणि कंपनीनेच टाइप करून दिलेल्या मसुद्यात शब्द होता ‘तात्काळ’. म्हणजे काढायची घाई कंपनीला, पण कागदावर नोटीस न देता निघून चाललाय तो भाऊ. त्या एका शब्दावर १५,६०० ची वजावट उभी होती. छाटणी धरली की हीच रक्कम उलटी होते, कंपनीने त्याला १५,६०० नोटीस पगार द्यायचा. म्हणजे या एका ओळीतच ३१,२०० चा फरक.

मग ग्रॅच्युइटी. ती राजीनामा दिला तरी मिळते, पाच वर्षं सलग नोकरी झालेली असली की झालं. सूत्र असं की शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. महिन्यात कामाचे दिवस २६ धरतात, म्हणून २६ ने भागायचं. १५,६०० भागिले २६ म्हणजे रोजचे ६००. त्याचे पंधरा दिवस ९,०००. आता वर्षं किती? कंपनीने सात धरली आणि ६३,००० लिहिले. पण इथेही सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरायचा असतो. सात वर्षं सात महिने म्हणजे आठ. ग्रॅच्युइटी ७२,००० हवी. ही चूक मी इतक्यांदा पाहिलीय की हिशोबाचा कागद हातात आला की माझी नजर आधी नियुक्तीच्या तारखेवर जाते. ट्रेनी किंवा प्रोबेशनचा काळ वगळून ‘कन्फर्मेशन’ची तारीख धरण्याचीही पद्धत आहे. प्रोबेशनचा काळ नोकरीतच मोजला जातो. फक्त अप्रेंटिस कायद्याखालची खरी अप्रेंटिसशिप वेगळी.

आणि छाटणी भरपाई. ही ओळ कागदावर नव्हतीच, कारण राजीनाम्यात ती नसते. इथे एक बारकावा आहे, जो टाइम ऑफिसातल्यांनाही कधी कधी माहीत नसतो. ग्रॅच्युइटीत २६ ने भागतात, पण छाटणी भरपाईत पंधरा दिवसांचा पगार म्हणजे सरळ महिन्याच्या सरासरीचा अर्धा. सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केलेला आहे. महिन्याच्या पगारदाराची सरासरी आधीच्या तीन पूर्ण महिन्यांची काढतात. भावाची १५,६०० होती, अर्धे ७,८००. आठ वर्षांचे ६२,४००.

इथे तुम्ही विचाराल, पगार २४,००० असताना १५,६०० च का धरायचे? तेच ते पगाराच्या व्याख्येचं. जुन्या कायद्यात पगाराची व्याख्या मोठी होती, बहुतेक भत्ते त्यात येत. नव्या संहितेत घरभाडे, प्रवास भत्ता, ओव्हरटाइम वगैरे बाहेर काढलेत. पण एक लगाम घातलाय: बाहेर काढलेले भत्ते मिळून एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त होत असतील, तर वरचा भाग परत पगारात मिळवायचा. भावाचे भत्ते ८,४०० आणि निम्मा पगार १२,०००, त्यामुळे त्याच्याकडे मिळवण्यासारखं काही नाही. पण समजा एखाद्याला २४,००० पैकी मूळ पगार फक्त ९,००० दाखवलाय आणि १५,००० भत्ते, तर वरचे ३,००० मिळवून हिशोब १२,००० वर व्हायला हवा. पगाराची चिठ्ठी अशी असेल तर हे आवर्जून तपासा. आणि नोकरी २१ नोव्हेंबर २०२५ च्या आधी संपली असेल, तर जुनी, मोठी व्याख्या तुमच्या बाजूची आहे.

रजेचे १०,८०० रोजच्या ६०० ने बरोबर होते. शिल्लक रजेचे पैसे राजीनाम्यातही द्यावेच लागतात, फक्त रजेचा आकडा आपल्या शेवटच्या चिठ्ठीशी जुळवून घ्या.

आता बेरीज. पगार २४,०००, रजा १०,८००, ग्रॅच्युइटी ७२,०००, नोटीस पगार १५,६००, छाटणी भरपाई ६२,४००. एकूण १,८४,८००. कंपनीच्या कागदावर ८२,२००. फरक १,०२,६००, आणि त्यातले ९३,६०० निव्वळ ‘स्वेच्छेने’ आणि ‘तात्काळ’ या दोन शब्दांचे. शिवाय नव्या संहितेत छाटणी झालेल्या कामगाराच्या खात्यात पंधरा दिवसांचं आणखी एक वेतन, पुनर्कौशल्य निधीतून, ४५ दिवसांत जमा करायची तरतूद आहे. भावाचे ते ७,८००. ईएसआयमध्ये असलेल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावं. छाटणी किंवा कारखाना बंद पडल्याने बेकार झालेल्यांसाठी तिथे राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेचा भत्ता आहे. स्वतःहून राजीनामा देणाऱ्याला तो मिळत नाही.

फोनवर एवढं झाल्यावर भाऊ बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, “पण टर्मिनेट केलं तर? नाव खराब होईल ना?”

ही भीतीच राजीनामा लिहून घेते. ‘ऑर्डर कमी असल्याने छाटणी’ असं पत्र म्हणजे चारित्र्यावरचा डाग नाही. उलट पुढच्या मुलाखतीत दाखवता येईल असं ते कारण आहे. डाग लावायचा तर गैरवर्तनाचा आरोप करावा लागेल, आणि त्यासाठी लेखी आरोपपत्र द्यावं लागेल, खुलासा घ्यावा लागेल, चौकशीत तुमची बाजू ऐकावी लागेल. ‘उद्या टर्मिनेट करतो’ इतकं ते सोपं नाही. गैरवर्तनाने काढलं तरी ग्रॅच्युइटी आपोआप बुडत नाही. मालमत्तेचं नुकसान, मारहाण, दंगा, नैतिक अधःपतनाचा गुन्हा अशा ठरावीक कारणांनीच ती रोखता येते आणि तसा आदेश काढावा लागतो.

त्या रात्री आम्ही दोन गोष्टी केल्या. पहिली, त्याने एचआरच्या कार्यालयीन पत्त्यावर स्वतःच्या खासगी ईमेलवरून मेल पाठवला. मजकूर एवढाच: ‘आज मला राजीनाम्याच्या मसुद्यावर सही करण्यास सांगण्यात आले. मी राजीनामा देऊ इच्छित नाही. मी कामावर येण्यास तयार आहे. काम कमी असल्याने मला कमी करायचे असल्यास तसे लेखी पत्र, कायद्यानुसार नोटीस वेतन व छाटणी भरपाईसह द्यावे.’ रागाचा एक शब्दही नाही. ‘कामावर येण्यास तयार आहे’ हे वाक्य मात्र हवंच. ते नसेल तर आठ दिवसांनी ‘न सांगता गैरहजर राहिला’ असं पत्र घरी येऊ शकतं.

दुसरी, कागद गोळा केले. नियुक्तीपत्र, मागच्या वर्षभराच्या पगाराच्या चिठ्ठ्या, ओळखपत्राच्या दोन्ही बाजूंचे फोटो, रजेचा तक्ता, पीएफचं पासबुक, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी, आणि सुपरवायझरने शिफ्ट बदलल्याचे व्हॉट्सॲप मेसेज. भावाच्या चिठ्ठ्या कंपनीच्या मोबाइल ॲपवर होत्या. ते ॲप शेवटच्या दिवशी बंद होतं, त्यामुळे त्या रात्रीच सगळ्या उतरवून घेतल्या. नियुक्तीपत्र हरवलं असेल तर घाबरू नका. पीएफच्या नोंदीत रुजू झाल्याची तारीख असते आणि बँकेची नोंद पगार सांगते. फक्त कंपनीची ड्रॉइंग, गिऱ्हाइकांची माहिती असलं काही स्वतःकडे घेऊ नका. तेच पुढे तुमच्याविरुद्ध वापरलं जातं.

शनिवारी तो कामावर गेला, पंच केलं, शिफ्ट केली. दुपारी साहेबांनी बोलावून आवाज चढवला, पण भावाने सही केली नाही. सोमवारी, २ फेब्रुवारीला, गेटवर सिक्युरिटीने अडवलं: “आत सोडू नका सांगितलंय.” त्याने गेटबाहेर उभं राहूनच दुसरा मेल टाकला: आज सकाळी अमुक वाजता कामावर आलो, प्रवेश दिला नाही, कामास तयार आहे. तोच मजकूर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पोचपावतीसह पाठवला. तोंडी काढणाऱ्या कंपनीकडे काढल्याचा कागद नसतो. तारखेचे हे दोन मेल आणि पोचपावती, तुमच्या बाजूचा तोच पुरावा.

तुम्ही आधीच सही करून बसला असाल तर? तरीही दार लगेच बंद होत नाही. राजीनामा अमलात येण्याआधी तो मागे घेता येतो, आणि दबावाखाली घेतलेली संमती ही खरी संमती नव्हे. पण इथे दिवस मोजले जातात. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ‘अमुक वेळी अमुक खोलीत बसवून, अमुक सांगून सही घेतली, मी राजीनामा मागे घेतो’ असं लेखी गेलं तर त्याला वजन असतं. पैसे घेऊन चार महिने गप्प बसल्यावर तीच गोष्ट सांगितली तर कोणी सहज विश्वास ठेवत नाही.

सह्यांबद्दल आणखी थोडं सांगायला हवं, कारण नुकसान इथेच होतं. कंपनीने काढल्याचं पत्र हातात दिलं तर ते घ्या, नाकारू नका. त्यांच्या प्रतीवर ‘पत्र मिळाले, मजकूर मान्य नाही’ असं लिहून तारीख आणि सही करा. हिशोबाच्या कागदाच्या तळाशी बहुतेक वेळा एक छापील वाक्य असतं: ‘माझी सर्व रक्कम मिळाली असून कंपनीकडे माझी कोणतीही मागणी शिल्लक नाही.’ वर एक रुपयाचं रेव्हेन्यू तिकीट. खात्यात पैसे आल्याशिवाय यावर सही करायची नाही. पैसे आले पण कमी आले, तर ‘हक्क राखून, रु. अमुक इतके मिळाले’ असं हाताने लिहून सही करा. तिकीट चिकटवलेल्या कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

पैसे कधी यायला हवेत? वेतन संहितेनुसार नोकरी कशीही संपली, राजीनाम्याने किंवा काढल्याने, शिल्लक पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा. शनिवार शेवटचा दिवस होता, रविवार सुट्टी, म्हणजे मंगळवार ३ फेब्रुवारीपर्यंत. ‘फुल अँड फायनल पंचेचाळीस दिवसांत’ हा कंपन्यांचा जुना रिवाज झाला. ग्रॅच्युइटी ३० दिवसांत, उशीर झाला तर व्याजासह. तिच्यासाठी कंपनीकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

राजीनामा कधीच देऊ नये असं माझं म्हणणं नाही. काही वेळा कंपनी ठोक रक्कम देऊ करते आणि माणसाला पुढची नोकरी तयार असते. तेव्हा वरचा हिशोब करून तुमचा आकडा काढा आणि दिलेली रक्कम त्याच्याशी ताडून पाहा. भावाला कुणी १,८४,८०० च्या पुढे देत असतं, तर मीच त्याला घे म्हटलं असतं. पण मग रक्कम, ती जमा होण्याची तारीख, नोटीस वजावट होणार नाही हे वाक्य आणि अनुभवपत्र, हे सगळं कंपनीच्या सहीने आधी हातात आलं पाहिजे. राजीनामा त्यानंतर.

ठेकेदारामार्फत कामावर असाल तर कागदावर मालक ठेकेदार असतो आणि पत्र त्याच्याकडे द्यायचं. पण त्याने पगार बुडवला तर मूळ कंपनीला तो द्यावा लागतो, म्हणून एक प्रत तिलाही पाठवा. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर मुदत संपल्यावर छाटणी भरपाई नाही, पण नव्या सामाजिक सुरक्षा संहितेत एका वर्षाच्या नोकरीवरच ग्रॅच्युइटी आहे. ती मागायची राहून जाते.

कंपनीने मेलला उत्तर दिलं नाही, तेव्हा भावाने नाशिकच्या कामगार उपायुक्त कार्यालयात अर्ज दिला. अर्ज दीड पानांचा: रुजू तारीख, काम, पगार, ३० जानेवारी ते २ फेब्रुवारी काय घडलं ते तारखेनिशी, वरचा हिशोब, आणि मागणी. मागणीत आधी ‘कामावर परत घ्या’ आणि ते नसेल तर कायदेशीर रक्कम, असं दोन्ही लिहायचं. नुसते पैसे मागितले की परत कामावर जाण्याचा हक्क तुम्हीच सोडल्यासारखं होतं. त्याने आणखी एक मुद्दा घातला: त्याच्या नंतर लागलेले दोन ऑपरेटर त्याच विभागात अजून कामावर आहेत. छाटणीत साधारणपणे शेवटी आलेला आधी जातो. तसं केलं नसेल तर कंपनीला कारण लिहून द्यावं लागतं.

अर्ज गेला की अधिकारी कंपनीला नोटीस काढून दोघांना समोर बसवतो. तो न्यायाधीश नसतो, समेट घडवणं हे त्याचं काम. समेट नाही झाला तर प्रकरण पुढे न्यायाधिकरणाकडे जातं. काढल्याचा वाद न्यायला संहितेत दोन वर्षांची मर्यादा आहे. पण महाराष्ट्राच्या १९७१ च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या कायद्यात तक्रारीची मुदत ९० दिवसांची आहे. तुमच्या प्रकरणाला कोणता मार्ग लागतो, हे वकील किंवा युनियन ठरवेल. तुम्ही ९० हाच आकडा डोक्यात ठेवून त्याच्या आत त्यांच्यापर्यंत पोचा. वकिलाच्या फीची चिंता असेल, तर नाशिकच्या जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. १९८७ च्या कायद्यात औद्योगिक कामगाराला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. स्त्रियांनाही आहे. त्यांना उत्पन्नाची अट नाही.

समेटाच्या पहिल्या तारखेला कंपनीचा माणूस म्हणाला, नोटीस वजावट सोडतो, ग्रॅच्युइटी आठ वर्षांची करतो. म्हणजे १,०६,८००. भाऊ डगमगला होता, मी त्याला भरपाईची ओळ परत वाचायला लावली. दुसऱ्या तारखेला अधिकाऱ्याने कंपनीच्या माणसाला सरळ विचारलं, राजीनामा आहे का तुमच्याकडे? नव्हता. मग ३१ जानेवारीचं छाटणीचं पत्र, १,८४,८०० रुपये आणि सेवेचा दाखला, असा समेट लेखी झाला. दोघांच्या आणि अधिकाऱ्याच्या सह्या झाल्या.

पैसे खात्यात आलेत. ७,८०० अजून यायचेत, त्याचा पाठपुरावा चालू आहे. आणि पीएफच्या पोर्टलवर कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरलेली नव्हती. ती नसली की जुनी रक्कम काढायलाही अडतं आणि नव्या खात्यात वळवायलाही. शेवटचं पीएफ जमा होऊन दोन महिने झाले की ती तारीख कामगाराला स्वतः भरता येते, यूएएनने लॉगिन करून Manage खाली Mark Exit असा पर्याय आहे. एकदा भरलेली तारीख सहज बदलत नाही, म्हणून छाटणीचं पत्र शेजारी ठेवून त्याने ३१ जानेवारी टाकली.